केडिया केसची ब्रीफ: हेडनोट, फॅक्ट्स, इश्यू आणि होल्डिंग

प्रश्न: लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉन्ट्रॅक्टसाठी केडिया केसची एका पानाची ब्रीफ लिहायची होती. हेडनोटवरून लिहिली, तर ‘मूळ निकाल वाचलेला नाही’ असा शेरा आला. हेडनोट, फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग यांतून नेमकं काय काय काढायचं असतं?

उत्तर:

शेरा कशावरून आला असेल याचा अंदाज आहे. या केसमध्ये एक अशी जागा आहे की वादीचं म्हणणं आणि कोर्टाने मानलेली वस्तुस्थिती एकमेकांच्या उलट आहेत. घाईत वाचणारा तिथे हमखास चुकतो. त्यामुळे हीच केस धरून सांगतो.

आधी मथळा. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध मेसर्स गिरधारीलाल परशोत्तमदास अँड कंपनी, एआयआर १९६६ सुप्रीम कोर्ट ५४३. निकालाची तारीख ३० ऑगस्ट १९६५. सायटेशनमधलं १९६६ हे रिपोर्टच्या खंडाचं वर्ष आहे, निकालाचं नाही. आधी नाव आलेले केडिया हे सुप्रीम कोर्टातले अपिलार्थी, पण मूळ दाव्यात ते प्रतिवादी. अपिलात नावांची जागा बदलते, म्हणून पहिलं नाव म्हणजे वादी असं कधीच धरू नका. ब्रीफच्या वरच्या कोपऱ्यात ‘केडिया = प्रतिवादी = खामगाव’ आणि ‘गिरधारीलाल = वादी = अहमदाबाद’ एवढं लिहून ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

हेडनोट न्यायाधीश लिहीत नाहीत, रिपोर्टचे संपादक लिहितात. म्हणूनच एकाच निकालाची एआयआरमधली हेडनोट आणि सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्समधली हेडनोट शब्दशः सारखी नसते. सुरुवातीला डॅशने तोडलेले तुकडे असतात: कायदा, कलम, विषय. ते अनुक्रमणिकेसाठी असतात आणि केस कशाबद्दल आहे एवढंच सांगतात. त्यानंतर थोडक्यात फॅक्ट्स आणि मग ‘हेल्ड’. केडियात ‘हेल्ड’चे दोन भाग आहेत, कारण बेंच तिघांचं होतं. न्या. शाह यांनी स्वतःसाठी आणि न्या. वांछू यांच्यासाठी निकाल लिहिला, न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळा. कुठलं वाक्य कोणाचं, हे हेडनोटमध्ये ‘पर’ या शब्दाने कळतं. तो शब्द नजरेतून सुटला की अल्पमताचं वाक्य कोर्टाचा निर्णय म्हणून वहीत उतरतं. प्रत्येक मुद्द्याशेवटी कंसात परिच्छेदाचा किंवा पानाचा आकडा असतो. माझ्या मते हेडनोटचा विद्यार्थ्याला खरा उपयोग या आकड्यांचाच: निकालात कुठे जायचं ते कळतं. उत्तरपत्रिकेत हेडनोटचं वाक्य ‘न्यायालय म्हणाले’ असं अवतरणात घालू नका, ते न्यायालय म्हणालेलंच नसतं.

आता फॅक्ट्स. इथे वेळ द्या.

खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सकडून सरकीची पेंड घ्यायचा तोंडी सौदा २२ जुलै १९५९ रोजी ट्रंक कॉलवर झाला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. (त्या दिवशी दोन्ही गावं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. दाव्यावर त्याचा परिणाम नाही, पण ‘परराज्यातला करार’ असं लिहिलेल्या ब्रीफ दिसतात.) वादीचं म्हणणं असं: प्रस्ताव प्रतिवादीने दिला, आम्ही तो अहमदाबादेत स्वीकारला, माल अहमदाबादला पोचवायचा होता आणि पैसेही अहमदाबादच्या बँकेमार्फत द्यायचे होते. प्रतिवादीचं म्हणणं नेमकं उलट: प्रस्ताव वादीचा, स्वीकार आमचा आणि तो खामगावात, माल आणि पैसेही खामगावातच.

बरेच जण इथेच थांबतात आणि यातली पहिली बाजू ‘फॅक्ट्स’ म्हणून लिहून टाकतात. पण हे दोघांचे दावे आहेत. पुढे वाचल्यावर कळतं की ट्रायल कोर्टाने वस्तुस्थितीच्या तिन्ही बाबतींत प्रतिवादीचं म्हणणं मानलं. प्रस्ताव अहमदाबादहून वादीने दिला, स्वीकार खामगावातून झाला, माल आणि पैसे खामगावात. तरीही ते कोर्ट म्हणालं की अधिकारक्षेत्र आमच्याकडे आहे, कारण स्वीकार वादीला अहमदाबादेत कळला. हायकोर्टाने प्रतिवादीचा रिव्हिजन अर्ज दाखल करतानाच फेटाळला आणि प्रकरण विशेष परवानगीने सुप्रीम कोर्टात आलं. सुप्रीम कोर्ट ट्रायल कोर्टाने मानलेल्या या वस्तुस्थितीवरच पुढे चाललं. तुमच्या ब्रीफमध्ये ‘वादीने प्रस्ताव स्वीकारला’ असं असेल, तर तो शेरा तिथूनच आला असणार.

म्हणून निकाल वाचताना फॅक्ट्सच्या प्रत्येक वाक्याला समासात एक खूण करा: कोणाचं म्हणणं, की कोर्टाने मानलेलं. ब्रीफमध्ये फक्त मानलेलं जातं. नंतर त्यातूनही निवड करायची. कसोटी सोपी आहे: ती गोष्ट बदलून बघा, निकाल बदलतो का? पेंडेऐवजी कापूस घ्या, काहीच बदलत नाही. ३१,१५० ऐवजी दुसरा आकडा घ्या, तरी नाही. फोनऐवजी पत्र घ्या, तर उत्तर उलटायची शक्यता आहे. म्हणजे माध्यम महत्त्वाचं. आता माल खामगावला द्यायचा होता ही गोष्ट बघा. वरवर ती किरकोळ वाटते, कारण बहुमताची सगळी चर्चा फोनची आहे. पण डिलिव्हरी किंवा पैसे अहमदाबादला ठरले असते, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० खाली वादकारणाचा एक भाग तिथेच घडला असता आणि फोनच्या प्रश्नाला हात लावायची गरजच उरली नसती. ते दार बंद झालं म्हणून सगळा भार करार कुठे झाला या एकाच प्रश्नावर आला. ही फॅक्ट ब्रीफमध्ये हवीच.

इश्यू लिहिताना सुप्रीम कोर्टासमोर नेमकं काय होतं ते बघा. ‘प्रतिवादीने करारभंग केला का?’ हा इश्यू नाही. दावा अजून गुणवत्तेवर चाललाच नव्हता. ‘टेलिफोनवर करार होतो का?’ हाही नाही, त्यावर वादच नव्हता. इश्यू असा: दोन गावांतल्या पक्षांत फोनवर बोलणं होऊन प्रस्ताव एका गावातून दिला गेला आणि स्वीकार दुसऱ्या गावातून बोलला गेला, तर करार स्वीकार बोलला गेला तिथे होतो की ऐकला गेला तिथे? आणि त्यानुसार अहमदाबादच्या कोर्टाला दावा चालवता येतो का? चांगल्या इश्यूत कायद्याचा प्रश्न आणि निर्णायक फॅक्ट दोन्ही असतात. फक्त ‘अधिकारक्षेत्र आहे का?’ एवढं लिहिलं, तर तो इश्यू हजार केसना चालेल.

याशिवाय एक छोटा इश्यू होता: नुसता प्रस्ताव अहमदाबादहून दिला एवढ्यावर वादकारणाचा भाग तिथे घडला म्हणता येईल का? कोर्टाने नाही म्हटलं. हेडनोटवर विसंबणारे हा मुद्दा गाळतात. पण इथे ‘हो’ म्हटलं असतं तर मोठ्या प्रश्नापर्यंत जावंच लागलं नसतं, म्हणून ब्रीफमध्ये त्याला एक ओळ द्या.

होल्डिंग म्हणजे इश्यूला दिलेलं उत्तर, कारणासह. बहुमताचं उत्तर: फोनवर करार स्वीकार ऐकला जातो तिथे होतो, म्हणून इथे अहमदाबादला. कारण: स्वीकार प्रस्ताव देणाऱ्याला कळणं हा सर्वसाधारण नियम आहे. पत्र आणि तार यांना दिलेली सवलत हा अपवाद आहे. फोनवर दोघं एका अर्थाने समोरासमोरच असतात, म्हणून तो अपवाद इथे लागत नाही. करार कायद्याचं कलम ४ याच्या आड येत नाही, कारण १८७२ चा मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात टेलिफोन असणं शक्य नव्हतं. लंडन-ॲम्स्टरडॅम टेलेक्सच्या एन्टोर्स या १९५५ च्या इंग्लिश निकालाचा आधार बहुमताने घेतला. तो इथे बंधनकारक नाही, फक्त मार्गदर्शक, हेही नोंदवा.

होल्डिंग आणि आदेश वेगळे लिहा. आदेश अगदी शेवटी असतो: अपील खर्चासह फेटाळलं. त्याचा अर्थ इतकाच की दावा अहमदाबादला चालेल. ३१,१५० रुपये मिळाले असा त्याचा अर्थ नाही.

किती रुंद लिहायचं हाही प्रश्न येतो. ‘खामगावची पेंड’ लिहिलं तर फार अरुंद, ‘सर्व इलेक्ट्रॉनिक करार’ लिहिलं तर फार रुंद. कोर्टासमोर दोन माणसांचं फोनवरचं बोलणं होतं. ईमेल केडियाने ठरवलेला नाही. पाठवण्या-मिळण्याच्या जागेसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ वेगळं वाचावं लागतं. तसंच पत्राबद्दल बहुमताने जे म्हटलं ते या केसच्या निकालासाठी लागणारं नव्हतं, म्हणून ते ऑबिटरच्या रकान्यात टाका.

न्या. हिदायतुल्ला यांचं मत दोन ओळींत द्या, पण द्या. त्यांच्या मते कलम ४ चे शब्द स्पष्ट आहेत: स्वीकार मागे घेता येणार नाही अशा रीतीने प्रस्तावकाकडे रवाना झाला की त्याच्यापुरता तो पूर्ण झाला. फोनवर हे शब्द उच्चारताक्षणी घडतं, म्हणून करार खामगावला. बहुमताचा नेमका कुठला दुवा त्यांनी तोडला ते बघा: फॅक्ट्सवर मतभेद नाही, मतभेद कलम ४ फोनला लागतं की नाही यावर आहे. हे वाक्य ब्रीफमध्ये असलं की निकाल वाचल्याचं तपासणाऱ्याला कळतं.

वाचायचा क्रम: हेडनोटचे फक्त सुरुवातीचे तुकडे, मग निकालाची पहिली पानं, मग थेट शेवटचा आदेश, मग मधला युक्तिवाद, मग अल्पमत. ब्रीफ लिहून झाल्यावर पूर्ण हेडनोट वाचा आणि आपल्या होल्डिंगशी ताडून बघा. फरक पडला तर कंसातला आकडा धरून त्या परिच्छेदात जा आणि निकालात जे असेल ते ठेवा.