जुने उपकेंद्र, नवे उपकेंद्र आणि मधले साडेएकोणतीस लाख

प्रश्न : दुहेरी लेखा पद्धती म्हणजे द्विनोंदी पद्धतच ना?

नाही. द्विनोंदी ही नोंदी करण्याची पद्धत आहे. दुहेरी लेखा पद्धतीत ताळेबंद दोन भागांत मांडतात : भांडवली खाते आणि सर्वसाधारण ताळेबंद.

प्रश्न : जुने वीज उपकेंद्र २० लाखांचे (साहित्य १२, मजुरी ८). आता साहित्य दीडपट, मजुरी पावणेदोनपट. नव्यावर ४५ लाख रोख खर्च, शिवाय १ लाखाचे जुने साहित्य वापरले. भंगाराचे दीड लाख आले. क्लासमध्ये ४५ मधून २० वजा करून २५ लाख भांडवलात टाकायला सांगितले. बरोबर?

साफ चूक. पाठ करायला दिलेल्या असल्या तयार सूत्रांनीच घोळ होतो. आधी विचारा : जुने, होते तेवढेच उपकेंद्र आज उभारायला किती लागेल? साहित्य १८ लाख, मजुरी १४ लाख, एकूण ३२ लाख. ही रक्कम पुनर्स्थापना खात्याच्या नावे.

नव्याची खरी किंमत ४५ नव्हे, ४६ लाख, कारण वापरलेले जुने साहित्य फुकटचे नाही. ४६ वजा ३२, म्हणजे १४ लाख भांडवलात; त्यांपैकी १३ रोखीचे आणि १ साहित्याचा. पुनर्स्थापना खात्यात साहित्याचा १ आणि भंगाराचे दीड लाख जमा होतात, उरतात २९.५ लाख. ते महसुलावर. ताळा पाहा : निव्वळ रोख गेली ४३.५ लाख, आणि १४ अधिक २९.५ तेवढेच. जुने २० लाख भांडवली खात्यात तसेच राहतात, म्हणून तिथे आता ३४ लाख दिसतील.

माझा राग वेगळाच आहे. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात वाजवी परतावा भांडवली पायावर मोजला जाई. १४ ऐवजी २५ लाख भांडवलात गेले, तर जादा ११ लाखांवरचा परतावा वर्षानुवर्षे ग्राहकाच्या बिलातून निघतो. भंगाराची पावती फाइलला नसेल, तर शंका घ्या.

प्रश्न : पुनर्स्थापना राखीव निधीत २५ लाखच आहेत. उरलेले साडेचार लाख आकस्मिकता निधीतून घेऊ?

जुने झाले म्हणून बदलले असेल तर नाही. ते महसुली खात्यावरच टाका. त्या कायद्यात आकस्मिकता निधी अपघात, संप किंवा हाताबाहेरच्या कारणांसाठी असे. नेहमीच्या देखभालीला वा नूतनीकरणाला तो नसे. आगीत उपकेंद्र गेले असते तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही राज्य सरकारची मान्यता लागे. आधी लेखापरीक्षकाला विचारा, खर्च मग करा.

प्रश्न : मालमत्तेची मूळ किंमत ८ कोटी, आकस्मिकता निधीत ३८.५ लाख. यंदा किती टाकायचे?

१९४८ च्या कायद्याप्रमाणे दीड लाख. पाव ते अर्धा टक्का म्हणजे २ ते ४ लाख होतात, पण मूळ किमतीच्या ५ टक्के, म्हणजे ४० लाख, ही कमाल मर्यादा होती. रक्कम न्यासयोग्य रोख्यांत गुंतवावी लागे.

प्रश्न : आमच्या कंपनीचे हिशेब असेच ठेवू?

नको. २००३ च्या वीज कायद्याने १९४८ चा कायदा रद्द झाला. कंपनी कायदा आणि तुमच्या राज्याच्या वीज नियामक आयोगाचे चालू नियम घेऊन सनदी लेखापालाकडे जा, आणि वर्षअखेरची वाट पाहू नका.