चुकीच्या लोकांना गेलेला मेल परत घेताना नेमकं काय लिहावं?

प्रश्न: अहो, लवकर सांगा कोणीतरी! उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. एका पार्टीची दरांची एक्सेल ११.४० ला सगळ्या १४ पार्ट्यांना गेली. आउटलुकमध्ये रिकॉल मारला, तरी बाहेरच्यांकडं मेल तसाच आहे म्हणे. आता हे लिहिलंय, पाठवू का? “सर सॉरी सॉरी, माझ्याकडून खूप मोठी चूक झाली, त्या फाइलमध्ये दुसऱ्या पार्टीचे स्पेशल रेट आहेत, प्लीज कोणी बघू नका, माझी नोकरी जाईल, सिस्टीमनंच चुकीचा ग्रुप घेतला.”

उत्तर: हे पाठवू नका. आणि रिकॉल पुन्हा मारू नका. आउटलुकचं Recall This Message आपल्याच कंपनीच्या एक्सचेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यांपुरतं चालतं. गोकुळ शिरगावच्या किंवा हुबळीच्या पार्टीच्या मेलबॉक्समधून ते काही काढू शकत नाही. उलट काही ठिकाणी “हा मेल परत घ्यायचा आहे” असा आणखी एक मेल समोर पडतो, आणि ज्यानं पहिला उघडला नव्हता तोही उघडून बघतो. जीमेलचं Undo Send तर जास्तीत जास्त ३० सेकंदांचं असतं. फाइल ड्राइव्हची लिंक म्हणून गेली असती, तर शेअरिंग बंद करून ती अडवता आली असती. जोडलेली एक्सेल मात्र गेली ती गेली. आता हातात आहे तो फक्त नवा मेल.

तो लिहिण्याआधी तुमच्या सरांना सांगा, आणि ज्या पार्टीचे दर बाहेर गेले त्यांना सरांनीच फोन करावा. उद्यमबागेत सगळे एकमेकांना ओळखतात. दुपारच्या चहापर्यंत ही बातमी दुसऱ्याकडून त्यांच्या कानावर गेली, तर दरांपेक्षा त्याचाच राग जास्त येईल. फोनवर फाइलमध्ये कोणते रकाने होते आणि ती किती जणांना गेली एवढं सांगावं, बाकीच्या पार्ट्यांची नावं सांगू नयेत. या पार्टीला खालचा मेल नको, त्यांना वेगळा.

तुमच्या मजकुरात सगळ्यात घातक वाक्य आहे “दुसऱ्या पार्टीचे स्पेशल रेट आहेत” हे. फाइल न उघडलेल्या माणसाला उघडायचं कारण तुम्हीच देताय. “बघू नका”नं कुतूहल वाढतं, म्हणून काय करायचं ते सांगा. नोकरीची गोष्ट त्यांच्या कामाची नाही, आणि सिस्टीमवर ढकललेलं कोणी खरं मानत नाही. उरलं ते असं:

> विषय: आज ११.४० चा मेल चुकून आला आहे, कृपया डिलीट करावा
>
> नमस्कार,
>
> आज सकाळी ११.४० वाजता आमच्याकडून एक्सेल फाइल जोडलेला मेल आपल्याला चुकून आला आहे. ती फाइल आपल्यासाठी नव्हती. कृपया मेल व फाइल दोन्ही डिलीट करावीत, कोणालाही पुढे पाठवू नयेत, आणि डिलीट केल्यावर “डिलीट केले” एवढे उत्तर द्यावे.
>
> आपल्या चालू ऑर्डरींच्या दरांत कोणताही बदल नाही.
>
> झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.
>
> (नाव, हुद्दा, फोन)

दरांचं वाक्य वगळू नका. ते नसेल तर एखादी पार्टी त्या फाइलमधलेच दर आपल्याला लागू समजून पुढच्या ऑर्डरीत टाकेल, किंवा त्यावरून घासाघीस सुरू करेल. पण ते सरांना विचारूनच लिहा. माफी एकदाच, तीही शेवटी. वेळ पहिल्या वाक्यात हवी, कारण त्या दिवशी तुमच्याकडून त्यांना इतरही मेल गेले असतील आणि चुकून चांगलाच डिलीट व्हायचा. हुबळी-धारवाडकडच्यांना मराठी येत नसेल, तर हीच वाक्यं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, एकही जास्त न घालता.

पाठवताना Reply All करू नका. त्यात खाली जुना मजकूर चिकटून जातो, आणि एखाद्यानं तसंच उत्तर दिलं की चौदा जणांची चर्चा सुरू होते. नवा मेल उघडा, To मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे Bcc मध्ये. जुनी फाइल “हीच ती” म्हणून परत जोडू नका. घाईत असंही होतं. फाइलमध्ये कामगारांचे आधार किंवा बँक खाते क्रमांकही असतील, तर हा नुसत्या मेलनं मिटणारा विषय नाही, सरांनी कंपनीच्या वकिलांशी बोलून घ्यावं.

पाठवल्यावर पार्ट्यांची यादी कागदावर काढा आणि उत्तर येईल तशी टिक करा. संध्याकाळपर्यंत ज्यांचं आलं नाही त्यांना फोन लावा, दुसरा मेल नको. फोनवरही “काय होतं त्यात?” असं विचारलं, तर “दुसऱ्या कामाची फाइल होती, डिलीट केली ना?” एवढंच बोला.