ओव्हरलॅप, इंटरलॉक की दहा बोटं: ड्रायव्हर उजवीकडे वळतो तेव्हा आधी काय तपासावं

प्रश्न: सहा महिन्यांपासून गोल्फ शिकतोय, उजव्या हाताने खेळतो. ग्रिप ओव्हरलॅप आहे. ड्रायव्हरचा चेंडू सारखा उजवीकडे वळतो. एक जण म्हणतो इंटरलॉक कर, दुसरा म्हणतो दहा बोटांनी धर, तिसरा म्हणतो फक्त सैल पकड. नेमकं काय बदलू?

उत्तर:

तुमची करंगळी आहे तिथेच राहू द्या. मूठ किती आवळली जाते आणि मुख्य म्हणजे स्विंगच्या कोणत्या क्षणी आवळली जाते, ते आधी शोधा.

तिन्ही पद्धतींत फरक आहे तो दोन हात एकमेकांना कसे जोडले जातात एवढाच. ओव्हरलॅपमध्ये उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर टेकते. ही पद्धत जुन्या काळचे गोल्फपटू हॅरी व्हार्डन यांच्यामुळे जगभर पसरली आणि आजही बहुतेक व्यावसायिक खेळाडू तीच वापरतात. इंटरलॉकमध्ये तीच करंगळी डाव्या तर्जनीत अडकवतात. जॅक निकलस आणि टायगर वुड्स दोघेही असंच धरतात. दहा बोटांच्या पकडीत सगळी बोटं रबरावर असतात. हात लहान असेल, बोटांचे सांधे दुखत असतील किंवा मूल शिकत असेल, तर मी हीच सुचवतो. पण यातली कोणतीही पद्धत क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आपोआप उघडत किंवा मिटवत नाही. फेसवर थेट परिणाम होतो तो हात दांड्यावर किती वळवून ठेवलाय याचा. चेंडूसमोर उभं राहून खाली बघा. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते अडीच उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे वळवा. तुमचा निम्मा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

उंचवटे ठीक दिसत असतील तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. ड्रायव्हरच्या फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलका मारा, काही चेंडू मारा आणि खुणा कुठे उमटतात ते पाहा. त्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, असतील तर फेस सरळ असूनही चेंडू उजवीकडे वळेल. तो दोष पकडीचा नाही. खुणा मधोमध असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

बॅकस्विंगमध्ये फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो. खाली येताना तो तेवढाच मिटावा लागतो आणि हे काम कोपराखालचे दोन्ही हात वळल्याने होतं. मूठ घट्ट आवळली की कोपराखालचे पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी ताठ होतात. मनगट कडक होतं, हात वळायला उशीर होतो आणि चेंडूपाशी पोचेपर्यंत फेस पुरता मिटलेलाच नसतो. तो दोन-चार अंश उघडा राहतो. बहुतेक नवशिक्यांचं असंच होतं. काहींचं मात्र उलटं होतं. त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनीच फार दाबतात, त्यामुळे उजवा हात क्लब ढकलतो, फेस लवकर मिटतो आणि चेंडू डावीकडे जातो. तुमचा उजवीकडे जातोय, म्हणजे आवळणं बहुधा दोन्ही हातांचं किंवा डाव्याचं आहे.

दोन-चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण २०० यार्डांवर एक अंशाचा फरक म्हणजे जवळपास साडेतीन यार्ड. समजा फेस लक्ष्याच्या ४ अंश उजवीकडे आहे आणि क्लबचा मार्ग ३ अंश डावीकडे. ड्रायव्हरचा चेंडू मुख्यतः फेस बघतो त्या दिशेने निघतो, म्हणजे इथे साधारण ३ अंश उजवीकडे. तेवढ्यानेच दहा यार्ड गेले. शिवाय फेस आणि मार्गात ७ अंशांचं अंतर असल्याने तो हवेत आणखी उजवीकडे वळतो. आवळणं थांबून फेस ४ वरून १ अंशावर आला, तर मार्ग तोच राहूनही चेंडू जवळपास सरळ निघेल आणि वळणही बरंच कमी होईल.

‘सैल पकड’ हा सल्ला अर्धवट आहे. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं असतं. ते ताशी ९० मैलांनी फिरत असताना क्लब तुमच्या हातांना पंचवीस-तीस किलोच्या ओढीने बाहेर खेचतो. भरलेली बादली उचलताना मूठ जशी न सांगता आवळते, तशी ती इथेही आपोआप आवळते. ते व्हायलाच हवं. त्रास होतो तो त्याआधी, मुद्दाम आवळण्याने. वर पोचल्यावर दिशा बदलताना ‘आता मारायचं’ असं मनात येतं आणि हात दांडा गच्च धरतात. चेंडू लागण्याच्या क्षणी आवळून तर काहीच हाती लागत नाही. चेंडू आणि फेसचा स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, हाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

हे स्वतःवर तपासता येतं. ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि ७ नंबरच्या आयर्नने अर्धा स्विंग घ्या. समोर काही पावलांवर, लक्ष्याच्या रेषेत एक काठी रोवा. हातातून निसटणार नाही इतपतच धरणं म्हणजे १ आणि पूर्ण जोर म्हणजे १०, असं धरा. काही चेंडू ८ वर, काही ४ वर आणि काही २ वर मारा. चेंडू कुठे पडतो ते सोडून द्या, काठीच्या कोणत्या बाजूने निघतो तेवढं बघा, कारण निघण्याची दिशा मुख्यतः फेस सांगतो. ८ वर चेंडू काठीच्या उजवीकडून आणि ४ वर काठीवरून जाऊ लागला, तर कारण सापडलं. २ वर अनेकांचे चेंडू दोन्हीकडे विखुरतात. क्लब वरच्या टोकाला हातात हलतो, मग खाली येताना हात तो पुन्हा पकडतात आणि फेस दर वेळी वेगळा येतो. म्हणून मी सुरुवातीला ४ सांगतो, तेही मुख्यतः डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. वर पोचेपर्यंत तो ४ च राहिला पाहिजे.

पुण्यात माझ्यासोबत खेळणाऱ्या एका काकांचंही असंच झालं होतं. पावसाळ्यात चेंडू उजवीकडे जायला लागल्यावर त्यांनी ओव्हरलॅप सोडून इंटरलॉक धरली, पण काहीच फरक पडला नाही. त्यांच्या हातमोज्यावर तळव्याच्या गादीपाशी भोक पडलेलं होतं. तिथे कातडं झिजतं याचा अर्थ क्लब हातात सरकतोय. दांड्यावरचं रबर जुनं, गुळगुळीत झालेलं होतं, त्यात ओलावा, म्हणून ते नकळत दाबत होते. रबर बदललं, खेळताना सुका टॉवेल जवळ ठेवला आणि डाव्या हातातला दांडा तळव्यातून बोटांच्या मुळाशी आणला. इंटरलॉक तशीच राहिली, पण दाबायची गरज संपली आणि चेंडू बराच सरळ झाला. त्यामुळे तुमचंही रबर चकाकत असेल तर आधी ते बदला. इंटरलॉक करायचीच असेल तर बोटं मुळापर्यंत खुपसू नका. तसं केलं की दांडा पुन्हा तळव्यात सरकतो आणि दाब वाढतो.

हे सगळं करूनही ४ वर मारलेला चेंडू काठीवरून सरळ निघत असेल आणि मग हवेत उजवीकडे वळत असेल, तर फेस बऱ्यापैकी ठीक आहे आणि क्लब बाहेरून आत येतोय. मग पकड सोडून खांदे आणि उभं राहण्याची दिशा बघायला हवी.