उसने दिलेले पैसे मागायचे कसे?

"दीड वर्षापूर्वी शाळेपासूनच्या मित्राला दुकानाच्या डिपॉझिटसाठी ८०,००० रुपये दिले. दोन-तीन महिन्यांत देतो म्हणाला होता. आता तो विषयच काढत नाही, आणि मागितले तर मैत्री तुटेल अशी भीती वाटते. काय करू?"

हे गृहस्थ माझ्याकडे आले ते फेब्रुवारीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मधल्या काळात मित्राने नवी स्कूटर घेतली होती आणि तिचा फोटो स्टेटसला टाकला होता. यांनी तो बायकोला दाखवला, आणि तेव्हापासून घरात रोज तोच विषय. मित्राशी बोलणं मात्र "तुझं काय बाबा, मजा आहे" अशा टोमण्यांवर आलं होतं. टोमण्याचा तोटा असा की समोरच्याला तो बरोबर कळतो, पण उत्तर काय द्यायचं ते कळत नाही. मग तो भेटणं टाळतो, आणि आपल्याला वाटतं, याची नियतच फिरली.

मी त्यांना विचारलं, "मागायचेच असतील तर पहिलं वाक्य काय असेल?" ते म्हणाले, "अरे, विषय काढायला कसंतरीच वाटतंय, पण जमत असतील तर बघ, नसतील तर राहू दे." बहुतेक जण असंच बोलतात. यातलं "राहू दे" मित्र ऐकतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्कूटर काढली. स्कूटर काढली की बोलणं पैशांवरून चारित्र्यावर जातं. मित्र म्हणणार, ती हप्त्यावर घेतलीय, माल आणायला लागते. ते खरंही असेल, पण मग भांडण स्कूटरचं होतं आणि ८०,००० बाजूलाच राहतात.

तिसरा मोह खोट्या अडचणीचा, म्हणजे "आईचं ऑपरेशन आहे" वगैरे. गावात आईची चौकशी दुसऱ्याच दिवशी होते. यांना खोटं बोलायची गरजही नव्हती, जूनमध्ये मुलीची फी भरायची होती आणि त्यासाठी ३०,००० हवे होते. हा आकडा हाती आल्यावर वाक्य सरळ झालं: "तुला दिलेल्या ८०,०००बद्दल बोलायचंय. त्यातले ३०,००० मला जूनअखेर लागतील. बाकीचे कसे जमतील ते आपण बसून ठरवू." एवढं बोलून गप्प बसायचं, हा सरावातला सगळ्यात अवघड भाग. शांतता असह्य झाली की माणूस स्वतःच सूट देऊन मोकळा होतो. आम्ही ते दोन-तीनदा करून पाहिलं.

जागाही ठरवली. दुकानात नको, तिथे गिऱ्हाईक असतं. घरी नको, वहिनींसमोर त्याचा अपमान होईल, आणि त्यांना हे उसने माहीत नसण्याचीही शक्यता होती. रविवारी सकाळी दोघं फिरायला जात, तेव्हा बोलायचं ठरलं.

मित्र आधी गप्प झाला, मग म्हणाला, "एकदम ८०,००० जमेनात, म्हणून तुला तोंड दाखवायची लाज वाटायची रे." तुकड्यांत दिले तर चालतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. यांनीही ते कधी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात १०,००० आणि मार्चपासून दर १० तारखेला ५,००० असं ठरलं, म्हणजे जूनपर्यंत ३०,००० आणि पुढच्या एप्रिलपर्यंत सगळे. घरी आल्यावर यांनी मेसेज केला: "आज ठरलं ते असं, बरोबर ना?" त्याने "हो" कळवलं.

पोस्ट-डेटेड चेक मी सुचवत नाही, चेक वटला नाही की मैत्री कोर्टाच्या दारात जाते. पण कायद्याचं एक घड्याळ माहीत असावं. परतफेडीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्या मुदतीत मित्राने सही करून लेखी कबुली दिली तर तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. "देईल कधीतरी" म्हणून वाट पाहणाऱ्यांची मुदत अशीच निघून जाते. मित्र सरळ "देणार नाही" म्हणाला, किंवा ठरवूनही पहिलाच हप्ता न देता फोन उचलेनासा झाला, तर गोड बोलण्याने काही होत नाही. तेव्हा वकील गाठावा, नाहीतर पैसे बुडाले असं मनाशी धरून मोकळं व्हावं.

इथे एप्रिलचा हप्ता चुकला. १२ तारखेला यांनी फक्त "हप्ता राहिलाय, कधी टाकतोस?" एवढंच विचारलं. महिनाभर धुमसत बसले असते तर पुन्हा टोमण्यांवर आले असते. १५ला पैसे आले.

ऑगस्टमध्ये मित्राने पुन्हा १५,००० मागितले. "आधीचे पुरे होईपर्यंत नवीन देणार नाही" असं यांनी सांगितलं. मित्राने पंधरा दिवस अबोला धरला, हप्ता मात्र वेळेवर टाकला.