बाबा कुठल्याच फोटोत नाहीत!

"आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. नातेवाइकांच्या मुलाखती आणि अल्बममधले जुने फोटो घेऊन निवेदन असलेली छोटी फिल्म करायची आहे. सामान भरपूर आहे, पण ते एका गोष्टीसारखं बांधायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची? हातात तीन महिने आहेत."

निवेदन सगळ्यात शेवटी लिहा. अशा घरगुती फिल्मचं संकलन मी बरीच वर्षं करते आहे आणि बहुतेक जण नेमकं उलटं करताना दिसतात. आधी "दोघांचा जीवनप्रवास" लिहून काढायचा, मग त्यातल्या वाक्यांना शोभतील असे फोटो चिकटवायचे आणि मधूनमधून काका-मावशींची शुभेच्छांची वाक्यं पेरायची. त्यातून पाहुण्यांना आधीच माहीत असलेली माहिती तेवढी पुन्हा ऐकायला मिळते. क्रम असा ठेवा: आधी फोटो, मग मुलाखती, मग मुलाखती कागदावर उतरवणं, त्यातून धागा निवडणं आणि तो जिथे तुटतो तिथे निवेदन. संगीत त्यानंतर.

फोटो आधी अशासाठी, की ते मुलाखतीला सोबत न्यायचे असतात. "तुमच्या वहिनीबद्दल दोन शब्द सांगा" म्हटलं की माणूस भाषण करतो. त्याच माणसाच्या हातात एक फोटो द्या आणि विचारा, "हा काढला तेव्हा चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं?" लगेच आवाज बदलतो. आठवण नुसती मागितली तर येत नाही, पण फोटोच्या कडेला बोट ठेवलं की येते. माझा हा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि तो अजून कधी वाया गेलेला नाही.

स्कॅन ६०० डीपीआयवर करा. साडेतीन बाय पाच इंचांच्या फोटोचे त्यात साधारण २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात. फुल एचडी चौकट १९२० बाय १०८० असते, म्हणजे आडव्या फोटोतल्या एखाद्या चेह‍ऱ्याकडे दीडपट जवळ जायला जागा उरते. ३०० वर केलात तर चौकट भरतानाच फोटो ताणावा लागतो आणि चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कागदाचा थर पानावरच राहतो. प्लास्टिक अलगद उचला, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड पाडा, फ्लॅश बंद ठेवा आणि वरून सरळ कॅमेरा धरून तिथेच टिपा. फोटोची मागची बाजू दिसत असेल तर तीही घ्या. तिथलं हस्ताक्षर कधीकधी समोरच्या फोटोपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

आता धागा. तो ठरवून आणता येत नाही, सामानात सापडतो. एक उदाहरण सांगते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीने आई-वडिलांसाठी अशीच फिल्म करायला घेतली. फोटो तारखांप्रमाणे लावल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती म्हणजे वडील जवळजवळ कुठेच नव्हते. कॅमेरा त्यांचा, त्यामुळे प्रत्येक फोटोत ते चौकटीच्या अलीकडे. एका फोटोत त्यांची लांब सावली खालून आत आलेली, एकात कपाटाच्या आरशात त्यांचा अर्धा खांदा. लग्नाच्या वाढदिवसाची फिल्म आणि नवरा फोटोतच नाही! तिला ती अडचण वाटत होती. मी म्हटलं, हीच तुझी फिल्म आहे. "चाळीस वर्षांच्या अल्बममध्ये बाबा कुठे आहेत?" हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचार आणि बाकी सगळं त्याच्या उत्तरासाठी चालू दे.

असा एक प्रश्न हातात आला की निवड आपोआप सोपी होते. वडिलांच्या नोकरीतल्या बढत्या वगळल्या गेल्या. आत्याने सांगितलेला किस्सा, फोटो काढायच्या आधी ते सगळ्यांना इतका वेळ उभं करायचे की लहान मुलं तिथेच बसकण मारायची, तो राहिला. आई म्हणाली, "छत्तीस फोटोंचा रोल. त्यातले चार माझे, बाकी ढगांचे." वडिलांना वेगळ्या मुलाखतीत ढगांबद्दल विचारलं तर म्हणाले, "ढग तक्रार करत नाहीत." ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की निवेदनाची गरजच उरत नाही.

म्हणूनच दोघांच्या मुलाखती आधी वेगवेगळ्या घ्या, मग एकत्र. एकत्र बसले की एक जण बोलतो आणि दुसरा दुरुस्त्या करतो. प्रश्न मात्र दोघांना तेच विचारा. फिल्म गुपित ठेवायचा मोह होईल, पण तसं केलंत तर ज्यांची गोष्ट आहे त्यांचेच आवाज तुमच्याकडे नसतील. फिल्म होतेय हे त्यांना कळू द्या, इतरांनी काय सांगितलं ते गुपित ठेवा.

मुलाखतीच्या वेळी आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. फिल्मचा निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावर फोटो असतील, पण आवाज सतत असेल. कॉलरचा माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. दाखवायचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्रिंटचा असू दे, अल्बमची पानं उलटल्याचा कुरकुर आवाज नेमका चांगल्या वाक्यावर येतो. समोरच्याला सांगा की उत्तराच्या सुरुवातीला विषयाचं नाव घ्या. "हो, तेव्हाच" हे उत्तर तुमचा प्रश्न कापल्यावर निरुपयोगी ठरतं, "कॅमेरा घेतला तेव्हा आम्ही..." हे वापरता येतं. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं थांबलात की माणूस स्वतःहून आणखी एक वाक्य जोडतो आणि बऱ्याचदा तेच हवं असतं. उठण्याआधी खोलीतली शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा; वाक्यं कापून जोडताना मधल्या फटी तिनेच बुजतात.

मग सगळ्या मुलाखती वेळेच्या नोंदीसकट उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, टाळू नका. कागदावर दोन रकाने करा, डावीकडे जे ऐकू येतं ते, उजवीकडे जे दिसतं ते. आधी फक्त डावा रकाना भरा. नुसता तो मोठ्याने वाचून गोष्ट कळली पाहिजे. कळत नसेल तर कितीही सुंदर फोटो लावून ती कळणार नाही.

समारंभात दाखवायची फिल्म १२ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. त्यात मुलाखतींचे आवाज साधारण ८ मिनिटं, निवेदन अडीच, उरलेला वेळ नुसत्या फोटोंना. शांत लयीत वाचलेलं मराठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे अख्ख्या फिल्मसाठी तुमच्याकडे निवेदनाचे जेमतेम २७० शब्द आहेत. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण निवेदनाला कामं तीनच असतात: काळ पुढे न्यायचा, नवा आवाज कोणाचा ते सांगायचं आणि प्रश्न उभा करायचा. फोटोत दिसतंय तेच सांगणारं वाक्य आलं की खोडा. "इथे आई निळ्या साडीत हसते आहे" हे सगळ्यांना दिसतंच.

त्या फिल्ममधली मधली दोन मिनिटं कशी बांधली ते बघा. अल्बममध्ये चार वर्षांची फट होती, त्या काळातला एकही फोटो नाही. मुलीचं निवेदन: "माझा पाचवा वाढदिवस या पानावर आहे. पुढच्या पानावर मी नऊ वर्षांची आहे." दिसतात ती अल्बमची दोन पानं, बाकी काही नाही. मग आईचा आवाज, चेहरा यायच्या आधीच सुरू झालेला: कॅमेरा विकला, शाळेची फी भरायची होती. दोन सेकंदांनी तिचा चेहरा. त्यावर वडील: विकला कुठे, दुरुस्तीला दिला होता, आणायचा राहून गेला. निवेदन यावर एक अक्षर बोलत नाही. खरं कोणाचं हे मुलीलाही माहीत नव्हतं आणि तिने ते ठरवायचा प्रयत्न केला नाही. मग आत्या: "नवा कॅमेरा मीच आणून दिला," आणि लगेच फट संपल्यानंतरचा पहिला फोटो. तो तब्बल १० सेकंद पडद्यावर राहतो. एरवी एका फोटोला ४ ते ६ सेकंद पुरतात, पण ज्याची वाट बघायला लावली आहे त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

फोटो हलवण्याबद्दल एवढंच, की प्रत्येक फोटो सरकवू नका. आवाज एखाद्या माणसाबद्दल बोलत असेल तर हळूच त्याच्याकडे जा, नाहीतर फोटो स्थिर राहू द्या. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर प्रतिमा पसरवण्यापेक्षा साधा गडद रंग बरा दिसतो. अर्थात ही माझी आवड झाली.

निवेदन तुम्हीच वाचा. भारदस्त आवाजाचा माणूस शोधू नका, घरातल्या फिल्ममध्ये तो बातम्या वाचल्यासारखा ऐकू येतो. आधी फोनवर कच्चं वाचून तेच संकलनात टाका आणि वाक्यांची लांबी जुळली की शेवटचं रेकॉर्डिंग करा. मुलाखतींच्याच माइकवर, एका शांत खोलीत.

तीन महिन्यांपैकी पहिला फोटो आणि त्यांच्या नावांना द्या, दुसरा मुलाखतींना, तिसऱ्याचे पहिले दोन आठवडे कागदावर घालवा. संकलन त्यानंतर वेगाने होतं. कच्ची फिल्म तयार झाली की घराबाहेरच्या एका माणसाला दाखवा आणि फक्त विचारा, कोण कोणाचं कोण ते कळलं का. जिथे अडखळेल तिथे चेहऱ्याखाली नाव आणि नातं लिहा. वयस्कर माणसांच्या क्षीण आवाजाखाली मराठी अक्षरं द्या, कारण भरलेल्या सभागृहात ते बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. शक्य असेल तर त्याच सभागृहाच्या स्पीकरवर आदल्या दिवशी एकदा लावून बघा. घरी हेडफोनवर मंद वाटणारं संगीत तिथे बोलणं गिळून टाकतं. तसं झालं तर बोलण्याचा आवाज वाढवत बसू नका, संगीत खाली आणा.