'व्यक्त आशय' आणि 'सुप्त आशय': कुलूपबंद दाराचं स्वप्न

"मानसशास्त्राच्या पुस्तकात स्वप्नाचा 'व्यक्त आशय' आणि 'सुप्त आशय' असं आलंय. सुप्त आशय म्हणजे स्वप्नाचा दडलेला अर्थच ना? मग बंद दार दिसलं तर सुप्त आशय काय, संधी गेली?"

नाही, तसं नाही. 'बंद दार म्हणजे संधी गेली' हे स्वप्नफल झालं, पंचांगाच्या मागच्या पानावर असतं तसलं. व्यक्त आशय म्हणजे उठल्यावर आठवतं आणि आपण सांगतो ते स्वप्न, आणि सुप्त आशय म्हणजे ते ज्यातून तयार झालं ते विचार, आणि हे विचार बहुतेक वेळा अगदी साधे, घरगुती, फक्त आपल्याला गैरसोयीचे असतात.

माझंच सांगतो. आमचा जुन्या नाशकात भद्रकालीकडे वाडा आहे. स्वप्नात माळ्यावरच्या खोलीला भलंमोठं पितळी कुलूप, किल्ली माझ्या खिशात आहे हे मला माहितीये पण मी काही ती काढत नाही, खाली कोणीतरी चहा उकळतंय आणि मला चक्क हायसं वाटतंय. झाला व्यक्त आशय.

आता हे दोन आशय मांडणाऱ्या फ्रॉइडची पद्धत अशी की अख्ख्या स्वप्नाचा अर्थ लावायचा नाही, एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावरून जे सुचेल ते न गाळता बोलायचं. चहा: आदल्याच दिवशी चहावर वाडा विकायची बोलणी झाली, मला विचारलं तर मी म्हणालो "तुम्ही ठरवाल ते." कुलूप: आजी म्हणायची, तोंडाला कुलूप लाव. खिसा: खिशात पेन असतं, आणि माझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही! म्हणजे सुप्त विचार असा की वाडा विकू नये, मी अडवू शकतो, पण वाईटपणा मला नको. स्वप्नात दार बंदच राहिलं आणि मला बोलावंही लागलं नाही, म्हणून ते हायसं वाटणं. बंद दाराशी ते जुळत नव्हतं, आणि असं न जुळणारं काही दिसलं की तिथेच खणायचं, कारण फ्रॉइडच्या मते चित्रं बदलतात पण भावना सहसा तीच राहते.

आजीच्या वाक्प्रचाराचं खरंखुरं कुलूप झालं, या रूपांतराला 'स्वप्नकार्य' म्हणतात. तुमच्या 'दडलेला अर्थ'ची गडबड इथेच आहे. १९२५ साली फ्रॉइडने स्वप्नांवरच्या आपल्याच पुस्तकात तळटीप घातली की पूर्वी लोक व्यक्त आशयालाच स्वप्न समजायचे, आता मनोविश्लेषक सुप्त विचारांना समजतात, खरं स्वप्न म्हणजे हे मधलं काम.

बरं, खोली आणि किल्लीचे ठरीव लैंगिक अर्थ त्यानेही दिलेत, पण ते जोडीला, आधी माणसाला काय सुचतं ते. माणसाला न विचारताच अर्थ लागला तर तो बहुधा सांगणाऱ्याचा. आणि मला सुचलं ते स्वप्नाआधीच मनात होतं की उठल्यावर जुळवलं, हे तपासायची सोय नाही, हा आक्षेप खराच आहे.

शब्दाचं म्हणाल तर 'सुप्त' रुळलाय, पण मला 'अव्यक्त' बरा वाटतो. सुप्त म्हणजे झोपलेला. माझा तो विचार झोपला कुठे होता, त्याला मीच गप्प बसवला होता.