इथिओपियन कॉफीच्या तीन फेऱ्या

इथिओपियन शेजाऱ्यांनी कॉफीला बोलावलंय. तीन वेळा देतात म्हणे. पहिला कप पिऊन निघालं तर चालेल का?

शक्यतो नको. दीड-दोन तास मोकळे ठेवूनच जा, कारण हिरव्या बिया धुऊन निखाऱ्यांवर भाजण्यापासून सगळं तुमच्यासमोरच होतं. भाजून झालं की यजमानीण धुरावलेलं भांडं पाहुण्यांपुढे फिरवते. तेव्हा हाताने धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा, मागे सरकायचं नाही.

मग बिया कुटून पूड जबेनात, म्हणजे लांब मानेच्या मातीच्या सुरईत, उकळतात. उकळी मानेपर्यंत चढली की उतरवून गाळ बसू देतात. खरं कसब पुढे आहे. बिनकानाचे छोटे कप जवळजवळ ठेवून, थोड्या उंचीवरून, धार न तोडता सगळे भरतात. मध्येच जबेना सरळ केली तर बसलेला गाळ ढवळतो आणि कपात रवाळ कॉफी येते.

पहिली फेरी ‘अबोल’, सगळ्यात कडक. त्याच गाळावर पुन्हा पाणी घालून उकळलं की ‘तोना’, आणि तिसऱ्यांदा ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणं बरं दिसत नाही. झोपेची काळजी असेल तर तिसरा कप बराच पातळ असतो. जपायचं ते पहिल्याला. साखर बहुधा असतेच, काही भागांत मीठ किंवा लोणीही घालतात. सोबत बऱ्याचदा मक्याच्या लाह्या येतात, त्यामुळे पोटभर जेवून जाऊ नका.